दुसरं चित्र

"एक खडा सापडला म्हणून ताट खाली ठेवू नकोस गं. हात थांबला की डोळाही थांबतो."

आत्याचा आवाज. वीस वर्षं उलटली असतील. खिडकीपाशी मांडी घालून बसलेली आत्या डाळ निवडायची, गप्पा मारायची, हसायची, शेजारणीला दटावायची, आणि तिची बोटं मात्र आपल्या वाटेनं चालत राहायची, जशी काही त्यांना वेगळे डोळे असावेत. शेजारी आठ वर्षांची भाची. खडा सापडला की ती तो तळहातावर घेऊन घरभर मिरवायची. "बघा, मला सापडला!" आणि आत्या म्हणायची, "सापडला तो सापडला. दाताखाली येतो तो दुसराच असतो. बस खाली."

ती भाची आता हाडांची चित्रं निवडते. एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे वाचायला शिकणारी डॉक्टर, दुसरं वर्ष. बरोबरचे तिला घार म्हणतात. केसाएवढी चीर असो, नखाच्या टोकाएवढा हाडाचा टवका असो, घारीच्या नजरेतून सुटत नाही, अशी ख्याती. नाव चेष्टेत पडलं आणि अंगाला चिकटलं. तिनंही ते फारसं झटकलं नाही. कोणाला आवडत नाही?

एक्स-रे वाचायच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंती राखाडी, दिवे मंद. प्रत्येक टेबलावर दोन उंच पडदे, एक बोलून रिपोर्ट लिहायचा माइक, आणि साय धरलेला चहाचा कप. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे आत येणाऱ्याच्या कपड्यांवरून ओळखायचं.

बुधवारी सकाळी फेरवाचन असे. मागच्या आठवड्यातली काही चित्रं संगणक आपणहून उचलायचा, रुग्णाचं नाव झाकायचा, आधी कोणी वाचलं तेही झाकायचा, आणि शिकणाऱ्यांपुढे टाकायचा. नव्यानं वाचा, आपलं मत लिहा, मग कळ दाबा. कळ दाबली की जुना रिपोर्ट उघडा पडे, पुन्हा दाबली की वाचणाऱ्याचं नाव. दोन्ही जुळलं तर पुढे चला. नाही जुळलं तर सरांना सांगा.

त्या बुधवारी घारीपुढे आलेलं पाचवं प्रकरण: वय एकाहत्तर, स्त्री, पायरीवरून घसरून पडल्या, उजवा खुबा दुखतो. दोन चित्रं, शेजारी शेजारी. एक समोरून, एक बाजूनं.

जांघेजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं होतं. ते तर ढळढळीत होतं, आंधळ्यालाही दिसावं असं. घारीची नजर तिथे टेकली, उडाली, पुढे गेली. मांडीच्या हाडाच्या मानेपाशी आली. मान म्हणजे वरचा गोल गोळा आणि खालचा लांब दांडा यांना जोडणारा आखूड भाग. निरोगी मानेची कड वाहत्या पाण्यासारखी असते, वळते पण अडत नाही. इथे ती वरच्या अंगाला किंचित अडली होती. गोळ्याच्या खाली एक फिकट पांढरा पट्टा होता, हाड हाडात रुतल्यावर उमटतो तसा. आतल्या बारीक रेषांची दिशाही त्या पट्ट्यापाशी मोडत होती. तिनं बाजूचं चित्र पाहिलं. तिथे शंकाच उरली नाही. गोळा मागे कलला होता, बसल्या बसल्या झोप लागलेल्या माणसाच्या डोक्यासारखा.

"मान मोडली आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "रुतलेली आहे, पण मोडली आहे." मग तिनं आपलं मत लिहिलं आणि कळ दाबून जुन्या रिपोर्टाचा मजकूर उघडला. 'जांघेजवळच्या हाडाला दोन फ्रॅक्चर. मांडीच्या हाडाची मान व्यवस्थित. दोन्ही चित्रे पाहिली.'

"व्यवस्थित!" ती हसली. "अरे, हे कोणी सोडलं? झोपेत वाचत होता का कोणी? दोन्ही चित्रं पाहिली म्हणे! पायानं पाहिली का?"

खोलीत हशा पिकला. "घारे, नाव तर बघ, त्याच्याकडून चहा उकळू," पलीकडच्या टेबलावरून कोणी ओरडलं.

तिनं पुन्हा कळ दाबली. नाव तिचंच होतं.

हसू थांबायला थोडा वेळ लागला, कारण बाकीच्यांना पडदा दिसत नव्हता. "कोण गं?" पुन्हा विचारणा झाली. तिनं तारीख पाहिली. गेला मंगळवार. आठ दिवस.

आठ दिवस ही बाई चालत असणार. कारण जांघेजवळचं हाड मोडलं तर झोपवून ठेवत नाहीत. वेदनेच्या गोळ्या देतात, हाताला वॉकर देतात आणि सांगतात, चाला, पडून राहू नका. पण मान मोडली असेल आणि नुसती रुतून बसली असेल, तर तिच्यावर भार टाकायचा नसतो. प्रत्येक पाऊल म्हणजे डळमळत्या खुंटीवर टांगलेलं ओझं. खुंटी धरून राहिली तर राहिली.

तिनं सरांना फोन लावला. सर म्हणजे तिचे वरिष्ठ. तिचा प्रत्येक रिपोर्ट त्यांच्या सहीनं पक्का होई. तीस वर्षं ते या अंधाऱ्या खोल्यांत बसलेले. आवाज चढवत नसत, म्हणून त्यांचा धाक जास्त.

"सर, फेरवाचनात एक मान सापडली. सुटलेली. रिपोर्ट माझाच होता."

सरांनी एवढंच विचारलं, "रुग्ण कुठे आहे?"

"घरी."

"आधी हाडांच्या सर्जनला सांग. तोंडी सांग, निरोप ठेवू नकोस. बाईंना खुर्चीत बसवा, हलू देऊ नका, गाडी पाठवा. मग सुधारित रिपोर्ट टाक. त्यानंतर मला भेट."

हाडांचे सर्जन उंच, धिप्पाड, घाईचे. तिनं चित्र दाखवताच त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं आणि म्हणाले, "हो, आहे. घारे, घारे, तूसुद्धा?" बस, एवढंच. त्यांनी तिच्यासमोरच बाईंच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"आई? त्या जिन्यात आहेत. खाली पेटीतून पेपर आणायला गेल्यात. तुम्हीच सांगितलं होतं ना, चालत राहा म्हणून? मी रोज चालवते त्यांना. कुरकुर करतात, पण मी सोडत नाही."

"त्यांना आहे तिथे बसवा," सर्जन म्हणाले. "पायरीवरच. उजव्या पायावर जोर देऊ नका. आमची माणसं येतायत."

"का? काय झालं?"

"आल्यावर सांगतो. पण बसवा."

फोनमधून सुनेची हाक ऐकू आली, जिन्यात घुमत खाली जाणारी. "आई! आई, थांबा! तिथेच थांबा!"

*

एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे मामा म्हणत. डोक्यावर मोजून चार केस, बोलण्यात मात्र धार. बाईंना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा मामाच ड्यूटीवर होते. घार काचेमागे उभी होती. तिला आत जायचं धाडस होईना. तिनं स्वतःला समजावलं की आपलं काम काचेमागेच आहे.

बाई लहानखुऱ्या होत्या. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पायाखाली उशी सरकवताना त्यांनी ओठ आत ओढून घेतले आणि छताकडे पाहत मामांना विचारलं, "तुम्हीच होता ना मागच्या वेळी?"

"मीच, आजी."

"मग आज तरी एका दमात काढा."

मामा हसले नाहीत. चित्र काढून ते काचेमागे आले आणि पडद्यावर ते उमटण्याची वाट बघत थांबले. मग हळूच म्हणाले, "घारूताई, मागच्या मंगळवारी बाजूचं चित्र पहिल्यांदा हललं होतं. त्यांना धीर धरवत नव्हता. पुन्हा घ्यायचं तर दुसरा पाय पुन्हा वर उचलून धरायला हवा, आणि त्या तर विव्हळत होत्या. सोडून देणार होतो मी. मग वाटलं, नको, वर घारूताई वाचणार, तिला स्वच्छ पाहिजे. म्हणून पुन्हा घेतलं. आजींनी मला शिव्या घातल्या हो. छापील शिव्या, ऱ्हस्वदीर्घासकट."

तिनं पडद्यावरून नजर हलवली नाही.

"ते उघडलं होतंस ना तू?"

"मामा, नवं चित्र आलं बघा."

आलं होतं. आणि वाचायला घारीचे डोळे लागत नव्हते. रुतलेली मान सुटली होती. गोळा एकीकडे, मान दुसरीकडे. फिकट पट्ट्याच्या जागी आता काळी फट होती. नंतर सीटी स्कॅन केला, त्यानंही तेच सांगितलं, जरा सविस्तर.

सर्जन आले, पाहिलं आणि चष्मा परत नाकावर घेतला. "गेल्या मंगळवारी कळलं असतं तर तीन स्क्रूंवर भागलं असतं. आता सांधा बदलावा लागेल. उद्या सकाळी घेतो." हे सगळं त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, उद्या पाऊस आहे म्हणावं तसं. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "संध्याकाळी पाच वाजता मी त्यांना सगळं समजावून सांगणार आहे. तुझे सर येणार आहेत. तूही ये."

*

सरांच्या खोलीत मात्र खिडकी होती. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही, उभं राहायलाही सांगितलं नाही. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"चौकशीचं नाटक मला करायचं नाही," सर म्हणाले. "एक पत्र लिही. मला उद्देशून. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करशील. साध्या भाषेत. ते बाईंच्या फाईलला लागेल, म्हणजे उद्या कोणीही वाचू शकेल. बाईसुद्धा. पाचच्या आधी दे."

ती परत त्या बिनखिडकीच्या खोलीत आली. पत्र लिहायला बसली आणि पहिल्याच ओळीपाशी अडली. काय झालं, हे तिला माहीतच नव्हतं. मंगळवारी तिनं साठ-सत्तर चित्रं वाचली होती. त्यातली ही बाई तिला आठवत नव्हती. मग ती नोंदींकडे वळली. कोणतं चित्र किती वाजता आलं, कोणी उघडलं, किती वेळ पाहिलं, हे संगणक न विसरता लिहून ठेवतो. त्याला ना दया ना राग.

अकरा छत्तीस: समोरचं चित्र आलं. अकरा एक्केचाळीस: तिनं ते उघडलं. एक मिनिट चाळीस सेकंद. अकरा बेचाळीस: बाजूचं, दुसऱ्यांदा घेतलेलं चित्र आलं. म्हणजे ती माइकमध्ये जांघेच्या हाडाबद्दल बोलत होती तेव्हा पडद्याच्या कडेला एक नखाएवढा चौकोन उमटला असणार, त्यावर नव्याची पिवळी खूण. अकरा चव्वेचाळीस: रिपोर्ट पूर्ण.

दुसऱ्या चित्रापुढची जागा कोरी होती. तिनं ते उघडलंच नव्हतं.

आणि मग रिपोर्टातली ती वाक्यं? ती कुठून आली? ती आली होती साच्यातून. खुब्याच्या एक्स-रेचा साचा तिनंच पहिल्या वर्षी बनवला होता, वेळ वाचावा म्हणून. सगळं व्यवस्थित असलेल्या माणसाचा रिपोर्ट आधीच लिहून ठेवायचा आणि जिथे बिघाड दिसेल तेवढंच वाक्य बदलायचं. मान व्यवस्थित. दोन्ही चित्रे पाहिली. तिनं जांघेचं वाक्य बदललं होतं. बाकीची वाक्यं तिनं लिहिली नव्हती, वाचलीही नव्हती. ती नुसती तिथे होती आणि तिच्या नावावर गेली.

तिला नोंदींचं पान बंद करायचं होतं. पण खाली आणखी एक ओळ होती, आणि वाचायचं नाही असं ठरवेपर्यंत ती वाचून झाली होती. बारा वाजून पाच मिनिटं: अंतिम सही. सरांचं नाव. त्याच मिनिटाला त्याच नावानं चौदा रिपोर्टांवर सही झालेली. या प्रकरणात उघडलेली चित्रं: शून्य.

मंगळवारी सव्वाबाराला विभागाची बैठक असते, हे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

तिनं पान मिटलं आणि पत्र लिहिलं.

'आदरणीय सर,

गेल्या मंगळवारी सकाळी मी एकाहत्तर वर्षांच्या एका बाईंच्या उजव्या खुब्याच्या एक्स-रेचा प्राथमिक रिपोर्ट दिला. त्यात जांघेजवळच्या हाडाची दोन फ्रॅक्चर मी नोंदवली. मांडीच्या हाडाच्या मानेचे फ्रॅक्चर माझ्याकडून सुटले. आज फेरवाचनात तेच चित्र नाव झाकून माझ्यापुढे आले, तेव्हा ते मला दिसले.

समोरच्या चित्रात ते सूक्ष्म आहे. गोळ्याखाली फिकट पांढरा पट्टा आणि मानेच्या वरच्या कडेला किंचित खोच एवढ्याच खुणा आहेत. एक फ्रॅक्चर सापडल्यावर माझा शोध तिथेच थांबला. पडल्याचे कारण मिळाले, दुखण्याचे कारण मिळाले, आणि माझे समाधान झाले.

बाजूच्या चित्रात मात्र ते स्पष्ट आहे. ते चित्र पहिल्यांदा हलले म्हणून तंत्रज्ञांनी ते पुन्हा घेतले होते आणि मी रिपोर्ट पूर्ण करण्याच्या दोन मिनिटे आधी ते आले होते. मी ते उघडले नाही. रिपोर्टातले "दोन्ही चित्रे पाहिली" हे वाक्य साच्यातून आले आणि मी ते पुसले नाही. ते वाक्य खोटे आहे.

या आठ दिवसांत बाई सांगितल्याप्रमाणे चालत होत्या. आजच्या एक्स-रेत मान सरकलेली आहे. साधी शस्त्रक्रिया पुरली असती तिथे आता सांधा बदलावा लागणार आहे.

मी खुब्याचा माझा साचा काढून टाकला आहे. यापुढे प्रत्येक वाक्य, बघितल्यावरच, स्वतः बोलेन. आणि पहिले फ्रॅक्चर सापडले की तिथून पुढे पुन्हा पहिल्यापासून पाहीन.'

सरांच्या सहीबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नाही. पत्र माझं आहे, माझ्यापुरतं लिहावं, असं तिनं ठरवलं. हे ठरवणं खरं किती आणि सोयीचं किती, याचा हिशेब तिनं केला नाही.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भराभर, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. बाजूच्या चित्राच्या परिच्छेदाभोवती त्यांनी एक फिकट कंस काढला, इतका फिकट की उजेडात तिरका धरला तरच दिसावा.

"चांगलं लिहिलंयस. प्रामाणिक आहे." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "हे एवढं लागेल का, विचार कर. फ्रॅक्चर सूक्ष्म होतं, हे खरंच आहे. एक सापडलं की दुसरं सुटतं, हेही खरं आहे, पुस्तकात आहे, जगात सगळीकडे होतं. त्यात तुझं सगळं सांगून होतं. साचा, नोंदी, मिनिटं... हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की पोरीनं बघितलंच नाही. दोन वर्षं राहिलीत तुझी. कायमचं कपाळावर लिहिलं जाईल."

"हो सर."

"मी तुझ्यासाठी सांगतोय."

"हो सर."

तिला खरंच सुटल्यासारखं झालं होतं, हे तिला नंतर कबूल करावंसं वाटलं नाही. सरांनी सांगितलं म्हणजे आता ते तिच्या एकटीवर नव्हतं. तिनं तो परिच्छेद काढला, शेवटचं साच्याचं वाक्यही काढलं. वरच्या परिच्छेदात एक वाक्य घातलं: 'नंतर मागे वळून पाहता ते दोन्ही चित्रांत दिसते.' ते वाक्य खरं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिनं ते तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा तिला ते साच्यातलं वाटलं. पण पाचला दहा मिनिटं होती. तिनं पत्र छापलं, सही केली, सरांच्या हातात दिलं. सरांनी ते न वाचता फाईलमध्ये ठेवलं.

*

वॉर्डातली ती खाट कोपऱ्यात होती. पडदा ओढून घेतलेला. बाई उशांना टेकून बसलेल्या, उजवा पाय पांघरुणाखाली सरळ. सून खाटेच्या पायथ्याशी उभी, दोन्ही हात लोखंडी दांड्यावर. तिचे डोळे सुजले होते.

सर्जननी सगळं नीट सांगितलं. काय मोडलंय, काय करणार, कशी भूल देणार, कधी उभं करणार. मग त्यांनी घसा साफ केला. "आणि हे पहिल्या एक्स-रेत होतं, आजी. ते फार सूक्ष्म होतं, सुटलं. आज आमच्या फेरवाचनात सापडलं. त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. या डॉक्टरांनीच शोधलं."

'या डॉक्टरांनीच शोधलं' म्हणताना त्यांनी घारीच्या खांद्याकडे हात केला. ती जमिनीकडे पाहत होती. फरशीच्या दोन चौकटींमधली रेघ सरळ होती, कुठे अडत नव्हती.

सून एकदम बोलली. "म्हणजे ते होतंच? पहिल्या दिवसापासून? आणि मी यांना रोज ओढून चालवत होते! मी म्हटलं, आई, नाटकं करू नका. असं म्हटलं मी. काल जिन्यात रडल्या, तर मी म्हटलं, हाड मोडलंय ते जांघेचं, डॉक्टरांनी लिहून दिलंय, बाकी सगळं व्यवस्थित आहे, वाचा पाहिजे तर." तिचा आवाज फाटला. "मी रिपोर्ट वाचून दाखवला हो त्यांना!"

"तू गप्प बस गं," बाई म्हणाल्या. "वाचलंस ते छापलेलं वाचलंस. तुझा काय दोष?" मग त्या घारीकडे वळल्या. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू काही वाचायचं आहे. "पोरी, इकडे ये. नीट दिसू दे. तो पहिला रिपोर्ट लिहिणारीही तूच होतीस का?"

"हो."

"मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. रोज सोळा पानं, कधी बत्तीस. माझ्याकडूनही सुटल्यात चुका. एकदा तर मुखपृष्ठावरच सुटली, लेखकानं पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं होतं. तेव्हा सुटण्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. डोळा आहे, थकतो, फसतो." त्या थांबल्या. श्वास घेतला, कारण पाय दुखत होता आणि बोलायचं तर होतं. "पण आमच्याकडे दोन तऱ्हेनं सुटायचं. एक, ओळ वाचली आणि चूक दिसली नाही. दुसरं, ओळच वाचली नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. छापणाऱ्याला कधी कळत नाही. वाचणाऱ्याला मात्र बरोबर माहीत असतं."

"आजी," सर्जन मध्ये म्हणाले, "अशा केसमध्ये..."

"तुम्ही थांबा हो जरा. उद्या माझा पाय तुमच्याच हातात आहे, तेव्हा बोला." आणि पुन्हा घारीकडे, "तो माणूस मला दोनदा वळवत होता त्या मंगळवारी. दुसऱ्यांदा मी त्याला काहीबाही बोलले. नंतर वाटलं, बिचारा, चांगलं यावं म्हणूनच करतोय. तर मला एवढंच सांग. ते पाहून सुटलं का?"

पडद्याच्या पलीकडे कोणी ट्रॉली ढकलत गेलं. चाकाचा आवाज लांबत लांबत गेला. सून तिच्याकडे बघत होती. सर्जन घड्याळाकडे. सर खाटेच्या डोक्याशी उभे होते, फाईल छातीशी धरून, आणि फाईलमध्ये ते पत्र होतं.

"नाही," घार म्हणाली. "ते चित्र आलं होतं. पडद्यावर समोर होतं. मी ते उघडलं नाही. पहिल्या चित्रात एक मोडलेलं सापडलं आणि मी थांबले. दोन्ही पाहिली असं लिहिलेलं होतं, ते आधीपासून लिहिलेलं असतं, मी ते तसंच जाऊ दिलं. पत्रातही मी हे लिहिलं होतं, मग काढलं."

सुनेनं दांडा सोडला आणि खाटेच्या कडेवर बसली. बाईंनी चष्मा काढून पुन्हा गळ्यात सोडला. रागावल्या की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्या कशाचा तरी विचार करत होत्या, नेटानं, जणू पान संपलं आहे पण काहीतरी खटकतंय.

"बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझं दुखणं खरं होतं, आणि ते चित्रात होतं. एवढं कळलं, पुरे झालं." मग जरा वेगळ्या आवाजात, "पण आमच्याकडे दुसरं वाचन असायचं हो. माझ्यानंतर एक वरिष्ठ वाचायचे, मगच पान यंत्रावर जायचं. तुमच्याकडे नसतं का तसं? शिकाऊ पोरीचं कोणी तपासत नाही?"

घारीला उत्तर माहीत होतं. मिनिटासकट माहीत होतं. तिनं ओठ मिटले. ते तिनं सांगायचं नव्हतं, आणि लपवायचंही तिनं नव्हतं.

सरांनी फाईल खाटेच्या कडेला ठेवली. हात मोकळे झाल्यावर त्यांना ते कुठे ठेवावेत कळेना.

"असतं," ते म्हणाले. "मी तपासतो. अंतिम सही माझी आहे. त्या दिवशी मला बैठकीला जायचं होतं. मी चौदा रिपोर्टांवर एकदम सही केली, आणि तुमचं एकही चित्र उघडलं नव्हतं."